तीन पोळ्यांचा हिशेब

मधुमेहावर कॅनाग्लिफ्लोझिन नावाची एक गोळी आहे. आपल्याकडे तिच्याच कुळातली डॅपाग्लिफ्लोझिन जास्त दिसते. तुमच्या घरात कुणाच्या औषधांच्या डब्यात असेलही. मूत्रपिंडं एरवी गाळलेली साखर पुन्हा रक्तात ओढून घेतात. ही गोळी ते काम निम्म्यावर अडवते आणि दिवसाला साधारण ९० ग्रॅम ग्लुकोज लघवीवाटे निघून जातं. म्हणजे सुमारे ३६० कॅलरी! खाल्लेल्या, पचलेल्या, रक्तात पोचलेल्या, आणि तरीही शरीराच्या हाती न लागलेल्या. गंमत अशी, की गोळी घेणाऱ्याला यातलं काही कळत नाही. त्याने डाएट सुरू केलेलं नसतं, कुणी त्याच्या ताटातून काही काढून घेतलेलं नसतं.

रोज ३६० कॅलरी गळत असतील तर वजन उतरत राहायला हवं. ते काही किलो उतरतं आणि थांबतं. का थांबतं, हा प्रश्न अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या केव्हिन हॉल यांना पडला. हॉल मूळचे भौतिकशास्त्राचे, त्यामुळे त्यांनी गणित उलटं मांडलं. साखर इतकी गळते आहे, वजन इतकं उतरलं आहे, तर ही माणसं खात किती असली पाहिजेत? या रुग्णांच्या वर्षभराच्या नोंदींतून २०१६ साली जे उत्तर निघालं, ते मला आजही थक्क करतं. वजन १ किलो उतरलं की शरीराचा रोजचा खर्च साधारण २० ते ३० कॅलरींनी कमी होतो, आणि भूक मात्र रोज सुमारे १०० कॅलरींनी वाढते. माणसाच्या नकळत. कुणी मुद्दाम जास्त वाढून घेत नव्हतं. पोळीला तूप जरा सढळ, भात एक डाव जास्त, चहाबरोबर आणखी एक बिस्किट, असंच ते होत असणार.

आता हेच मुद्दाम वजन उतरवणाऱ्या माणसाला लावून बघा. कुणी १० किलो कमी केले, तर त्याचा खर्च पूर्वीपेक्षा दिवसाला दोन-तीनशे कॅलरींनी घटलेला असतो, आणि भुकेचा रेटा हजारेक कॅलरींनी वाढलेला असतो. जिममध्ये, सोसायटीच्या बागेत, ऑफिसच्या जेवणाच्या टेबलावर तक्रार ऐकू येते ती ‘माझं मेटाबोलिझमच बिघडलं’ अशी. ती अगदीच खोटी नाही. पण आकडे बघितले, तर वजन परत आणणाऱ्या दोन हातांपैकी भुकेचा हात चौपट बळकट आहे. वजन घटवणं संपवून ते टिकवण्याकडे कसं वळायचं, याचा विचार इथून सुरू करावा लागतो.

आधी खर्चाची बाजू. वजन उतरलं की खर्च घटणार यात नवल नाही. ६२ किलोचं शरीर जिन्यावरून वर न्यायला ७२ किलोच्या शरीरापेक्षा कमी कष्ट पडतात. नवल पुढे आहे. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात रुडॉल्फ लीबेल, मायकेल रोझेनबाउम आणि ज्यूल्स हर्श यांनी माणसांना इस्पितळात ठेवून, मोजलेलं पातळ अन्न देऊन त्यांचं वजन १० टक्के उतरवलं, मग ते तिथेच स्थिर ठेवलं आणि खर्च मोजला. १९९५ साली छापलेल्या त्या निष्कर्षात दिसलं, की घटलेल्या वजनाच्या हिशेबाने जेवढा खर्च कमी व्हायला हवा, त्याहूनही तो जास्त कमी झाला होता. आणि हे लठ्ठ माणसांतच झालं असं नाही. कधीच लठ्ठ नसलेल्यांचं वजन उतरवलं, तेव्हा त्यांच्या शरीरानेही हीच काटकसर केली.

ही काटकसर कुठे होते? बरीचशी स्नायूंमध्ये. वजन उतरल्यावर स्नायू हलक्या कामाला, म्हणजे चालणं, झाडलोट, भाजी चिरत उभं राहणं अशा कामांना, पूर्वीपेक्षा कमी इंधनात निभावून नेऊ लागतात. शिवाय माणूस नकळत कमी हलतो. पाय हलवणं, फोनवर बोलताना फेऱ्या मारणं, उगाच उठून खिडकीपाशी जाणं, हे सगळं कमी होतं. सकाळचा अर्ध्या तासाचा व्यायाम चुकत नाही, पण उरलेले साडेतेवीस तास गुपचूप शांत होतात.

या सगळ्याची खबर मेंदूला देतं लेप्टिन. चरबीच्या पेशींनी सोडलेलं हे संप्रेरक १९९४ साली रॉकफेलरमध्येच जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेत सापडलं. चरबी कमी झाली की लेप्टिन कमी होतं. पण नुसती खाण्यात तूट असली, तरीही ते चरबीच्या मानाने जास्त खाली जातं. म्हणजे साठा किती उरलाय एवढंच ते सांगत नाही. सध्या आवक कमी आहे, हेही सांगतं. रोझेनबाउम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे वजन उतरवलेल्या माणसांना लेप्टिनची इंजेक्शनं देऊन त्याची रक्तातली पातळी पहिल्यासारखी केली, आणि खर्च पुष्कळसा पूर्वपदावर आला, स्नायूंची काटकसरही सुटली. शरीर तेच, वजन उतरलेलंच, फक्त मेंदूला मिळणारी बातमी बदलली.

‘आवक कमी आहे’ ही बातमी थांबवता येते. तूट संपली, माणूस खर्चाइतकं खाऊ लागला आणि काही आठवडे वजन स्थिर राहिलं, की काटकसरीचा एक भाग सैल होतो. साठा कमी झाल्याची बातमी मात्र चालूच राहते. मेलबर्नमध्ये प्रिया सुमित्रन आणि जोसेफ प्रोयेट्टो यांनी ५० जणांना १० आठवडे अगदी कमी कॅलरींवर ठेवलं आणि नंतर वर्षभराने रक्त तपासलं. भूक वाढवणारी आणि तृप्ती देणारी संप्रेरकं तेव्हाही आधीच्या जागी आलेली नव्हती. त्यामुळे महिना-दोन महिने नीट खाल्लं की भूक आपोआप पहिल्यासारखी होईल, या आशेवर टिकवण्याची योजना आखू नये.

डाएट संपवताना कॅलरी एकदम न वाढवता हळूहळू वाढवण्याची पद्धत शरीरसौष्ठवाच्या जगातून आली. तिथे तिला ‘रिव्हर्स डाएट’ म्हणतात. स्पर्धेच्या मंचावर उभं राहायला हे लोक चरबी कमालीची खाली आणतात, आणि स्पर्धा संपल्याच्या रात्रीपासून असे खात सुटतात, की काही आठवड्यांत ओळखू येत नाहीत. हे टाळायला दर आठवड्याला थोडं थोडं वाढवत जायचं, हा त्यांचा तोडगा. लेन नॉर्टन यांच्यासारख्या शरीरसौष्ठवपटू-संशोधकांनी तो लोकप्रिय केला. पुढे त्याला एक दावा चिकटला: हळू वाढवलं की चयापचय ‘दुरुस्त’ होतं, आणि माणूस पूर्वीपेक्षा पुष्कळ जास्त खाऊनही बारीक राहतो. या दाव्यामागे भक्कम पुरावा नाही. तूट संपल्याने जे सैल व्हायचं ते होतं. ती चार आठवड्यांत संपवली की एका दिवसात, याने त्यात मोठा फरक पडतो असं दिसलेलं नाही.

मग हळू कशाला जायचं? माझ्या मते दोन कारणांसाठी, आणि दोन्ही चयापचयाशी संबंधित नाहीत. एक, हजार कॅलरींच्या रेट्याने ओढणारी भूक मोकाट न सोडता तिला हाताला धरून खाली उतरवता येतं. दोन, आपला नवा स्थिर आकडा, म्हणजे ज्यावर वजन वाढतही नाही नि घटतही नाही असा रोजच्या कॅलरींचा आकडा, तो आपल्याला माहीत नसतो. हळू वाढवणं ही तो शोधण्याची रीत आहे.

भूक मोकाट सुटली तर काय होतं, हे १९४५ साली मिनेसोटात दिसलं. दुसऱ्या महायुद्धात युरोप उपाशी होता, आणि त्याला पुन्हा खायला कसं घालायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. अँसेल कीज यांनी मिनेसोटा विद्यापीठाच्या फुटबॉल स्टेडियमखालच्या प्रयोगशाळेत ३६ धडधाकट तरुणांना ठेवलं. हे युद्धावर जायला तत्त्वतः नकार देणारे स्वयंसेवक होते. २४ आठवडे त्यांना नेहमीच्या जवळजवळ निम्मं अन्न मिळालं: बटाटे, सलगम, पाव, मॅकरोनी. आठवड्याला ३५ किलोमीटर चालणं चालूच. त्यांनी सुमारे पाव वजन गमावलं. जेवणाखेरीज दुसरा विषय त्यांना सुचेना. काहीजण पाककृतींची पुस्तकं जमवू लागले.

पुढचे १२ आठवडे त्यांना चार गट करून वेगवेगळ्या मापाने अन्न वाढवून दिलं. आणि इथे हळू वाढवण्याच्या भक्तांना न आवडणारी गोष्ट घडली. ज्यांना सर्वांत कमी वाढवून दिलं, ते सुधारेचनात. हाडांवर मांस नसलेल्या माणसाला शंभर-शंभर कॅलरींच्या पायऱ्या चढायला लावणं म्हणजे त्याची उपासमार लांबवणं. कीज यांना सगळ्यांचंच अन्न वाढवावं लागलं.

या माणसांवरचे निर्बंध उठले, तेव्हा काहींनी दिवसाला ५००० कॅलरींच्याही वर खाल्लं, आणि पोट फुगलं तरी भूक राहिली अशी तक्रार केली. स्वित्झर्लंडमधल्या फ्रिबूर्ग विद्यापीठाचे अब्दुल डुल्लू यांनी अर्ध्या शतकानंतर कीज यांच्या तक्त्यांचा पुन्हा हिशेब केला. चरबी पटकन भरून आली, स्नायू सावकाश. आणि भूक चरबी भरल्यावर थांबली नाही. स्नायूही भरून येईपर्यंत ती चालू राहिली. त्या वेळेपर्यंत चरबी पहिल्यापेक्षा बरीच जास्त झाली होती. मिनेसोटातले तरुण सडपातळ होते आणि त्यांची उपासमार टोकाची होती, तेव्हा त्यांचं सगळं आपल्याला लागू करू नये. पण एक धागा उचलण्याजोगा आहे. वजन उतरवताना स्नायू जितके जास्त गमावले, तितकं भुकेला खायला लावायचं निमित्त जास्त. प्रथिनं आणि वजनं उचलण्याचा व्यायाम डाएट संपतानाही सोडायचा नाही, तो यासाठी.

आता एक उदाहरण. माणूस काल्पनिक आहे, आकडे रोजच्यातले. समजा ठाण्यातली एक शिक्षिका आहे. वय ४२, उंची १५८ सेंटिमीटर. आठ महिन्यांत ती ७२ किलोंवरून ६२ वर आली. शेवटचे सहा आठवडे ती रोज सरासरी १३५० कॅलरी खात होती, आणि या सहा आठवड्यांत वजन १.८ किलो उतरलं, म्हणजे आठवड्याला ३०० ग्रॅम.

मोबाइलमधली ॲप्स तिला सांगतात, तुझा स्थिर आकडा १८०० च्या आसपास आहे. हा आकडा मिफ्लिन आणि सेंट जोर यांच्या १९९० सालच्या सूत्रातून येतो. वजन, उंची आणि वय घालून पडून राहण्याचा खर्च काढायचा (तिच्या बाबतीत १२३६ कॅलरी) आणि हालचालीसाठी त्याला १.४५ ने गुणायचं. सूत्र चांगलं आहे, पण ते तिच्यासारख्या अनेक बायकांची सरासरी सांगतं. तिने नुकतेच १० किलो उतरवलेत, हे त्याला माहीत नाही.

तिचं स्वतःचं शरीर जास्त नेमकं उत्तर देतं. १ किलो चरबीत साधारण ७७०० कॅलरी धरतात. आठवड्याला ३०० ग्रॅम म्हणजे २३१० कॅलरी; सातने भागलं की रोजची तूट ३३०. ती खाते १३५०, तूट ३३०, म्हणजे खर्च १६८०. ॲपपेक्षा १२० कमी.

इथे शंका येईल, की तिने मोजण्यातच चूक केली असेल तर? केलीच असणार. फोडणीतलं तेल कुणी तोलून घालत नाही. पण या रीतीचं सौंदर्य हेच. ती खरं म्हणजे १५०० खात असेल आणि तिच्या वहीत १३५० पडत असतील, तरी चालतं. पुढेही ती त्याच चमच्याने, त्याच डोळ्याने मोजणार आहे. १६८० हा तिच्या वहीच्या चलनातला आकडा आहे आणि वही तिचीच राहणार आहे. चूक दोन्हीकडे सारखी असली की ती हिशेबातून निघून जाते. अडचण येते ती मोजण्याची पद्धत मध्येच बदलली तर.

आणि ३३० कॅलरी म्हणजे किती? ३० ग्रॅम कणकेची, तेल-तूप न लावलेली पोळी साधारण १०० कॅलरींची. आठ महिन्यांचा संयम संपल्यावर तिच्या वाट्याला काय आलं, तर तीन पोळ्या आणि वर अर्धा चमचा तूप. एवढंच! बहुतेक माणसं इथेच फसतात. डाएट संपलं म्हणजे जुनं जेवण परत आलं, असं मन गृहीत धरतं. पण जुनं ताट ७२ किलोचं होतं. त्या वजनावर सूत्राने तिचा आकडा १९४० च्या आसपास होता. १६८० आणि १९४० यांतला फरक २६०, आणि तो एखाद्या बेसनाच्या लाडवाने आणि कपभर गोड चहाने सहज भरतो.

ती दर आठवड्याला १०० कॅलरी वाढवते. पहिल्या आठवड्यात दुपारी एक पोळी जास्त. दुसऱ्या आठवड्यात रात्री वाटीभर घट्ट वरण. तिसऱ्यात दुपारच्या चहाबरोबर १८ ग्रॅम शेंगदाणे, तोलून. कारण डोळ्यांनी घेतलेली मूठ सहज दुप्पट भरते. वाढवायचं ते अशा पदार्थांत वाढवावं, जे मोजता येतात आणि रोज सारखे असतात. १०० कॅलरी ‘भाजीत जरा तेल जास्त’ म्हणून वाढवल्या, तर त्या कधी २०० होतात कळत नाही.

वजन ती रोज सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी करते, आणि सात दिवसांची सरासरी काढते. निर्णय सरासरीवर घ्यायचा. रोजचा आकडा फक्त लिहायचा.

सुरुवातीची सरासरी ६२.०. पहिल्या आठवड्यानंतर ६२.३. ती हबकते: अजून तर मी तुटीत आहे, मग वाढलं कसं? हे शरीराचं एक फार सुंदर कोडं आहे. स्नायू आणि यकृत ग्लायकोजेनच्या रूपात कर्बोदकं साठवतात. मोठ्या माणसात चारशे-पाचशे ग्रॅम. डाएटमध्ये हा साठा अर्धवट रिकामा असतो. प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेन आपल्याबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी बांधून ठेवतं. पोळी वाढली, १०० ग्रॅम साठा भरला, की काटा ४०० ग्रॅमने वर जातो. त्यात आतड्यांत जास्त अन्न असतं, जास्त मीठ गेलेलं असतं. यात चरबीचा कणही नाही. खात्री करायची असेल तर गुणाकार करा. आठवड्यात ३०० ग्रॅम खरी चरबी वाढायला २३१० कॅलरी खर्चाच्या वर खाव्या लागतील. तिने आठवड्यात मिळून ७०० वाढवल्या, आणि त्याही तूट भरण्यातच गेल्या.

हा टप्पा ठाऊक नसल्यामुळे किती डाएट वाया जात असतील! माणूस एक पोळी वाढवतो, काटा वर सरकतो, तो घाबरून पुन्हा १३५० वर जातो, पाणी उतरतं, त्याला वाटतं बघा, मला पोळी चालतच नाही. मग कधीतरी कंटाळून सगळंच सोडतो.

दुसऱ्या आठवड्यात १५५० कॅलरी, सरासरी ६२.४. तिसऱ्यात १६५०, आणि सरासरी थेट ६३.०. हा आठवडा पाळीच्या आधीचा. अनेक बायकांच्या शरीरात या दिवसांत पाणी साठतं आणि वजन अर्धा-एक किलो वर दिसतं. म्हणून पाळी चालू असलेल्या बाईने या आठवड्याची तुलना मागच्या आठवड्याशी करू नये; मागच्या चक्रातल्या त्याच आठवड्याशी करावी. ती १६५० वर थांबते, काही बदलत नाही. चौथ्या आठवड्यात सरासरी ६२.४, पाचव्यात ६२.४. म्हणजे पाणी भरून झालं, आकडा जमिनीला टेकला. मग ती आणखी १०० वाढवून १७५० वर चार आठवडे राहते. शेवटी ६२.५.

ती खरं म्हणजे ७० कॅलरी जास्त खाते आहे का? कदाचित. आठवड्याला ६० ग्रॅम होतात, आणि जो काटा पाण्यामुळे रोज अर्धा किलो इकडे-तिकडे होतो, त्याला हे ६० ग्रॅम महिन्याभरात दिसणार नाहीत. या रीतीची नजर इथवरच पोचते. यापुढे दहा-वीस कॅलरींचा कीस काढण्यात अर्थ नसतो. दर आठवड्याला २५ कॅलरी वाढवण्याचा सल्ला मला म्हणूनच पटत नाही. तेवढ्या वाढीचा परिणाम काट्यावर ओळखूच येत नाही, आणि ३३० ची तूट भरायला १३ आठवडे लागतात. म्हणजे आणखी तीन महिने अर्धपोटी. शंभराच्या पायऱ्या, आणि खर्चाच्या जवळ पोचल्यावर मोठे थांबे, हे मला शहाणपणाचं वाटतं. ज्याची भूक आटोक्यात आहे आणि ज्याचा हिशेब पक्का आहे, त्याने एका उडीत ३३० वाढवले तरी बिघडत नाही. फक्त पहिल्या पंधरवड्यातल्या पाण्याने घाबरायचं नाही.

काहींना आपल्या शिक्षिकेपेक्षा पुष्कळ जास्त खाता येतं, आणि त्यांच्याकडे बघून बाकीचे हळहळतात. ते ढोंग करत नसतात. मेयो क्लिनिकमध्ये जेम्स लेव्हाइन यांनी १९९९ साली छापलेला प्रयोग याच्या मुळाशी जातो. १६ जणांना आठ आठवडे त्यांच्या खर्चापेक्षा रोज १००० कॅलरी जास्त खायला घातल्या. कुणाची चरबी ४ किलोंच्या वर वाढली, कुणाची ४०० ग्रॅमही नाही. फरक कशाने पडला? व्यायामाने नव्हे, तर चुळबुळीने: बसण्या-उठण्याची ढब, चालण्याचं प्रमाण, पाय हलवणं. एका टोकाच्या माणसाच्या शरीराने अशा हालचालींवर रोज सुमारे ७०० कॅलरी जास्त उडवल्या, दुसऱ्या टोकाला त्या किंचित कमीच झाल्या. हे माणूस ठरवून करत नाही. रिव्हर्स डाएटने चमत्कार झाल्याचं सांगणारे बहुधा याच चुळबुळ्या जातीचे असावेत, असा माझा अंदाज आहे. आपण कोणत्या जातीचे, हे वाढवून बघितल्याशिवाय कळत नाही.

या रीतीत हमखास बिघडतो तो रविवार. सोमवार ते शनिवार १३५० आणि रविवारी मिसळ, आमरस, संध्याकाळची भेळ मिळून २५००. म्हणजे आठवड्याची सरासरी १५१४. ज्याने ही सरासरी काढलीच नाही तो आपण १३५० वर आहोत असं समजून पायऱ्या चढू लागतो, आणि दुसऱ्याच पायरीला खर्चाच्या पार निघून जातो. ओळखायचं कसं? पाण्याचा पहिला पंधरवडा संपल्यावरही सरासरी सलग तीन आठवडे दीडशे-दोनशे ग्रॅमने वाढत राहिली, कंबरेच्या टेपवर सेंटिमीटर वाढला, तर ते पाणी नाही. तिथे थांबून १०० कमी करायचे. उलट, वाढवूनही सरासरी उतरतच असेल, तर अंदाज कमी पडला होता. पुढची पायरी चढायची.

सगळ्यांना ही सावकाश चाल लागू नाही. वजन इतकं उतरलं असेल की पाळी थांबली आहे, सतत थंडी वाजते, केस झडताहेत, तर मिनेसोटातल्या त्या सर्वांत कमी मिळालेल्या गटाची आठवण ठेवावी. अशा शरीराला भराभर आणि भरपूर हवं असतं, डॉक्टरांच्या नजरेखाली. मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर डोस कमी जेवणाला धरून बसवलेला असतो. पोळ्या वाढवण्याआधी डॉक्टरांशी बोलणं क्रमप्राप्त आहे. आणि ज्यांना कॅलरी मोजण्याचाच ध्यास लागून जेवणाची भीती बसली आहे, त्यांनी ही वही उघडूच नये.

आकडा सापडला, पुढे काय? ऱ्होड आयलंडमधल्या ब्राउन विद्यापीठात रीना विंग यांनी ३१४ जणांवर, म्हणजे आपलं किमान १० टक्के वजन उतरवून बसलेल्यांवर, दीड वर्ष प्रयोग केला. तो २००६ साली प्रसिद्ध झाला. एका गटाला फक्त पत्रकं मिळाली. दुसऱ्यांना रोज वजन करून रंगांचे पट्टे पाळायला शिकवलं, कुणाला इंटरनेटवरून, कुणाला समोरासमोर. सुरुवातीच्या वजनापासून दीडेक किलोच्या आत म्हणजे हिरवा. त्यापलीकडे पिवळा. २.३ किलोंच्या वर लाल. आणि लाल लागला की पुन्हा वजन उतरवण्याची योजना लगेच सुरू. दीड वर्षाने, पत्रकांच्या गटात ७२ टक्के लोकांनी २.३ किलो किंवा जास्त वजन परत मिळवलं होतं. समोरासमोर भेटणाऱ्या गटात ४६ टक्के. इंटरनेटचा गट मधे, ५५ टक्के.

शिक्षिकेने हे पट्टे स्वतःला लावायचे, तर पाणी भरून स्थिर झालेलं ६२.५ हे सुरुवातीचं वजन धरायचं. डाएटच्या शेवटच्या दिवशी दिसलेलं ६२ नाही. ६४ पर्यंत हिरवा. ६४ ते ६४.८ पिवळा, तेव्हा दोन आठवडे वही काढायची आणि कुठून गळतंय ते बघायचं, बहुधा तेल आणि रविवार. ६४.८ च्या वर सरासरी गेली, की दिवाळी संपेपर्यंत वाट न बघता महिनाभर पुन्हा १३५० वर यायचं, म्हणजे किलो-दीड किलो उतरतं, आणि मग परत त्याच पायऱ्यांनी वर चढायचं. या खेपेला वरच्या पायरीचा आकडा तिला आधीच माहीत असतो.